स्कॅन केलं की चॅनलचा क्रम पुन्हा का बिघडतो? एलसीएन, आणि नाशिकरोडच्या एका लॉजचे सोळा टीव्ही

नाशिकरोड स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटांवर सोळा खोल्यांचं एक लॉज आहे. त्र्यंबकला किंवा रामकुंडावर जायला आलेली माणसं तिथे रात्रीपुरती उतरतात. काउंटरवरच्या काकांचा फोन आला तेव्हा त्यांचा सूर चांगलाच वैतागलेला होता. "भाऊ, चार नंबरच्या खोलीत सह्याद्री एकवर लागतं आणि नऊ नंबरच्या खोलीत आठशेवर. पोरगं प्रत्येक खोलीत जाऊन सगळं नीट लावून येतं, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसरी वेळ आहे ही."

प्रत्येक खोलीत टीव्हीशेजारी भिंतीवर बॉलपेनने लिहिलेला एक कागद होता, वरून खाकी चिकटपट्टी मारून पक्का केलेला. 1 सह्याद्री, 2 डीडी नॅशनल, 3 डीडी न्यूज, अशी ओळीने एकतीस चॅनल. पोरगं त्याच कागदाबरहुकूम रिमोटने चॅनल हलवत बसायचं, एका टीव्हीला वीस मिनिटं. सोळा खोल्यांचा हिशेब तुम्हीच करा. त्याची मेहनत खरी होती, फक्त ती चुकीच्या टोकाला चालली होती. क्रम टीव्हीत ठरतच नव्हता. तो केबलमधून येत होता आणि टीव्ही फक्त त्याचं ऐकत होते.

तुमच्या घरी असाच घोळ होत असेल तर मेनूत शिरण्याआधी चॅनलच्या यादीतले नंबर नुसते वाचून काढा. तेवढ्यावरून बरंच कळतं. 1, 2, 3, 4 असे एकही नंबर न गाळता आले असतील, तर ते टीव्हीने स्वतःच्या मनाने दिलेत. सिग्नलमधून नंबर येत नाहीयेत, किंवा येताहेत पण टीव्ही ते वाचत नाहीये. मध्ये रिकाम्या जागा असतील, म्हणजे 8 नंतर एकदम 11, मग 18 नंतर 21, तर नंबर सिग्नलमधून येताहेत. आणि काही चॅनल 800 च्या पुढे जाऊन बसली असतील, तर बहुतेक वेळा एकाच नंबरवर दोन चॅनलनी दावा सांगितलेला असतो. हरलेल्या चॅनलला टीव्हीने मागच्या बाकावर पाठवलेलं असतं.

सिग्नलमधून येणाऱ्या या नंबरालाच एलसीएन, म्हणजे लॉजिकल चॅनल नंबर म्हणतात. डिजिटल प्रसारणात प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर चित्र आणि आवाजाबरोबर काही तक्तेही सतत फिरत असतात. त्यातला एनआयटी हा तक्ता नेटवर्कची माहिती देतो: कोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत, कशावर काय आहे. या तक्त्यात जोड्यांची एक यादी घालता येते, अमुक सर्व्हिस आयडीला अमुक नंबर. सर्व्हिस आयडी म्हणजे चॅनलला त्या प्रवाहात मिळालेला ओळख क्रमांक. एलसीएनच्या सर्वात रूढ पद्धतीत नंबरासाठी 10 बिट राखलेले असतात, म्हणून तो 1023 च्या वर जाऊ शकत नाही.

या यादीत चॅनलचं नाव कुठेच नसतं, असतो फक्त सर्व्हिस आयडी. पुढचा सगळा घोळ आणि त्यावरचा उपाय यातूनच निघतो, म्हणून हे लक्षात असू द्या.

एलसीएन नसेल तर टीव्हीला चॅनल ज्या क्रमाने सापडतील त्याच क्रमाने तो नंबर देतो. बहुधा सर्वात खालच्या फ्रिक्वेन्सीपासून सुरुवात होते. कोणी टीव्ही आणि रेडिओ वेगळे लावतो, कोणी नावाच्या अक्षरांप्रमाणे. त्यामुळे दोन कंपन्यांच्या टीव्हीत क्रम जुळला नाही तर त्यात नवल नाही.

आता लॉजवर काय आहे ते सांगतो. गच्चीवर डिश, आणि जिन्याच्या शेवटच्या वळणावर एका लोखंडी कपाटात छोटं हेडएंड. उपग्रहावरून येणारी फ्री टू एअर चॅनल घ्यायची आणि केबलच्या पद्धतीने पुन्हा बांधून सोळा खोल्यांत सोडायची, एवढंच त्याचं काम. खोल्यांत सेट टॉप बॉक्स नाहीत, टीव्हीतल्याच ट्यूनरवर चॅनल लागतात. फ्रिक्वेन्सी चार: 306, 314, 322 आणि 330 मेगाहर्ट्‌झ. पहिल्या तिन्हींवर आठ-आठ चॅनल आणि शेवटच्या फ्रिक्वेन्सीवर सात. एका फ्रिक्वेन्सीला एक मोड्यूल.

काकांना मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला: हे सुरू व्हायच्या आधी काय बदललं होतं? "काहीच नाही," काका म्हणाले. मग जरा थांबून, "हां, पावसाळ्यात वीज कडाडली त्या रात्री एक डबा जळाला होता. तो दुसऱ्याकडून बदलून घेतला." तो डबा म्हणजे 322 चं मोड्यूल. तिथेच अर्धं निदान झालं होतं, पण पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही ही माझी सवय.

लॅपटॉपला यूएसबी ट्यूनर लावून 306 आणि 322 या दोन्ही फ्रिक्वेन्सींचं वीस-वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं. वीस सेकंद अशासाठी की एनआयटी निदान दर दहा सेकंदांनी एकदा यायलाच हवा. पाचच सेकंद रेकॉर्ड केलं तर तो हुकू शकतो, आणि मग तक्ताच नाही असा गैरसमज होतो. त्यानंतर टीएसडक या मोफत साधनाने तक्ता उघडून पाहिला. प्रवाहातल्या प्रत्येक पाकिटावर पीआयडी नावाचा क्रमांक असतो आणि एनआयटीचा तो नेहमी 16 असतो, म्हणून एवढंच पुरतं:

```
tstables --pid 16 lodge306.ts
tstables --pid 16 lodge322.ts
```

306 च्या तक्त्यात सगळं ठीक होतं. त्या फ्रिक्वेन्सीच्या आठ चॅनलना 1 ते 8, 314 वरच्यांना 11 ते 18, 322 वरच्यांना 21 ते 28, 330 वरच्यांना 31 ते 37. आधीच्या माणसाने नीट विचार करून मध्ये जागा सोडल्या होत्या. 322 ची गोष्ट मात्र वेगळी. नवं मोड्यूल कारखान्यातून आलं तसंच बसवलेलं. त्याचा नेटवर्क आयडी निराळा, त्याच्या तक्त्यात फक्त स्वतःचीच आठ चॅनल, आणि त्यांना क्रमाने 1 ते 8.

म्हणजे 1 ते 8 या नंबरांवर सोळा चॅनलचा दावा. सह्याद्री 1 वर, आणि 322 वरचं एक भक्तिगीतांचं चॅनलही 1 वर.

अशा भांडणात काय करायचं हे प्रत्येक कंपनीचा टीव्ही आपल्या पद्धतीने ठरवतो. लॉजमध्ये दोन कंपन्यांचे टीव्ही होते. एक जात खालच्या फ्रिक्वेन्सीपासून स्कॅन करत वर जाते आणि जो आधी सापडेल त्याला नंबर देऊन टाकते. तिथे 306 चं सह्याद्री जिंकलं आणि भक्तिगीतं 800 वर गेली. दुसरी जात ज्याचा सिग्नल जोरात त्याला नंबर देते. नव्या मोड्यूलची आउटपुट पातळीही कारखान्यातलीच, इतरांपेक्षा 8 डेसिबल जास्त. तिथे भक्तिगीतं 1 वर आणि सह्याद्री 800 वर. खोली चार आणि खोली नऊ यांतला फरक एवढाच होता. काकांना वाटत होतं की नऊची वायर खराब आहे, ती त्यांनी एकदा बदलूनही घेतली होती.

मग पोरगं हाताने लावायचं ते टिकत का नव्हतं? आजकालचे बरेच टीव्ही स्टँडबायमध्ये असताना रात्री स्वतःहून चॅनल तपासतात. मेनूत हे `Auto Channel Update` किंवा `Auto Service Update` अशा नावाने दिसतं. टीव्ही तेव्हा तक्ते पुन्हा वाचतो, आपली यादी आणि तक्ता जुळत नाही असं दिसलं की तक्त्यालाच खरं मानतो आणि हाताने केलेली मांडणी पुसून टाकतो. ज्या खोल्या रिकाम्या होत्या आणि ज्यांचा मेन स्विच बंद होता, त्यांत क्रम टिकला होता. "रोज वापरतात तेच टीव्ही बिघडतात" ही काकांची तक्रार अगदी खरी होती, फक्त कारण वेगळं होतं.

दुरुस्ती हेडएंडच्या कपाटासमोर उभं राहून पाऊण तासात झाली, त्यातला बराच वेळ मोड्यूलचा पासवर्ड शोधण्यात गेला. नव्या मोड्यूलला बाकीच्या तिघांचाच नेटवर्क आयडी दिला, पण ट्रान्सपोर्ट स्ट्रीम आयडी, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवरच्या प्रवाहाचा ओळख क्रमांक, मुद्दाम वेगळा ठेवला, कारण हा दोन फ्रिक्वेन्सींचा सारखा असेल तर काही टीव्ही एकीची चॅनल दुसरीवर लिहून टाकतात. त्याच्या आठ चॅनलना 21 ते 28 दिले. आउटपुट 8 डेसिबलने खाली आणली. एलसीएनचा प्रकार `NorDig` वर होता, तो इतर मोड्यूलप्रमाणे `EACEM` केला. एलसीएन लिहिण्याच्या अशा दोन-चार पद्धती आहेत आणि सगळेच टीव्ही सगळ्या पद्धती वाचत नाहीत. एकाच केबलवर दोन पद्धती ठेवल्या तर पुढचा गोंधळ ठरलेलाच.

त्यानंतर खोल्यांत स्कॅन. इथे बरेच जण फसतात. मेनूत दोन प्रकारचे स्कॅन असतात. एक जुनी यादी ठेवून नवीन चॅनलची भर घालतो, दुसरा यादी पूर्ण पुसून सुरुवातीपासून करतो. पहिला केलात तर 800 वर गेलेलं चॅनल तिथेच बसून राहू शकतं, कारण टीव्हीच्या लेखी ते आधीच सापडलेलं आहे. म्हणून आधी सगळी चॅनल डिलीट करायची आणि मगच पूर्ण स्कॅन. खोली नऊमध्ये मी आधी मुद्दाम भर घालणारा स्कॅन करून पाहिला. सह्याद्री 800 वरून हललं नाही. पुसून केला तेव्हा 1 वर आलं.

इथे हे प्रकरण संपायला हवं होतं. पण काकांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली: डबा जळायच्या आधीही, वर्षातून एकदोनदा, काही चॅनल आपोआप शेवटी जायची. तेव्हा विजा नव्हत्या की काही नव्हतं.

याचं मूळ वर सांगितलेल्या सर्व्हिस आयडीत आहे. फ्री टू एअर डीटीएच सेवेवर चॅनलच्या जागा कायमच्या नसतात. डीडी फ्री डिशवर खासगी चॅनलच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला बरीच अदलाबदल होते. एखादं चॅनल जातं, दुसरं येतं, तेच चॅनल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर नव्या सर्व्हिस आयडीने येतं. समजा, हेडएंडच्या तक्त्यात लिहिलंय की 1207 या सर्व्हिस आयडीला 23 नंबर द्या. उपग्रहावर ते चॅनल 1219 झालं. मोड्यूल नवं चॅनल घेऊन पुढे सोडतं, पण 23 हा नंबर अजून 1207 च्या नावावर आहे आणि 1207 आता अस्तित्वातच नाही. 1219 बिननंबरी राहतं आणि टीव्ही त्याला शेवटी टाकतो. पडद्यावर नाव तेच दिसतं, म्हणून वाटतं की टीव्ही बिघडला.

घरच्या बॉक्समध्ये फेव्हरिट यादीही हीच चूक करते. ती नावावर नव्हे, याच ओळख क्रमांकांवर बांधलेली असते. एप्रिलमध्ये फेव्हरिटमधलं एखादं चॅनल काळं पडलं आणि तेच चॅनल मुख्य यादीत दुसरीकडे छान चालू असेल, तर समजायचं की आयडी बदललाय. जुनं काढायचं आणि नवं फेव्हरिटमध्ये टाकायचं.

लॉजसाठी मात्र यावर पक्का उपाय होता. बहुतेक हेडएंड मोड्यूलमध्ये बाहेर जाणारा सर्व्हिस आयडी स्वतः ठरवता येतो. मी एक साधा नियम केला: बाहेर जाणारा आयडी म्हणजे एलसीएनमध्ये शंभर मिळवायचे. सह्याद्री 101, नंबर 1. 23 नंबरच्या चॅनलचा आयडी 123. उपग्रहावर ते 1207 असो की 1219, खोल्यांतल्या टीव्हीला कायम 123 च दिसणार. आत काय येतंय हे मोड्यूलमध्ये एका जागी बदललं की सोळा खोल्यांना कळतही नाही, पुन्हा स्कॅनसुद्धा करावा लागत नाही.

नंबरांची मांडणी करताना एक पथ्य मी पाळतो. 800 च्या पुढचा पट्टा पूर्ण मोकळा ठेवायचा. मग तिथे कधी काही दिसलं की बघताक्षणी कळतं की कुठेतरी भांडण लागलंय. आणि नंबर तीन आकड्यांच्या वर न्यायचे नाहीत, कारण काही जुन्या टीव्हीचे रिमोट चौथा आकडा घ्यायला तयार नसतात.

आता घरच्यांसाठी, कारण ज्यांच्या जिन्यात हेडएंडचं कपाट नाही त्यांची संख्याच जास्त. तुमच्याकडे फ्री टू एअर बॉक्स असेल तर इन्स्टॉलेशनच्या मेनूत `LCN` असा पर्याय आहे का बघा. तो `On` असताना चॅनल हलवायचा पर्याय करडा दिसतो, किंवा हलवलेलं पुढच्या स्कॅनला परत जागेवर जातं. तो `Off` करा, सगळी चॅनल पुसून पूर्ण स्कॅन करा, आणि मग `Move` ने हवी तशी लावा. क्रम उलटा ठेवू नका: आधी हलवून नंतर `LCN` बंद केलं तर स्कॅनमध्ये सगळी मेहनत जाते. मेनू पासवर्ड मागेल तर बऱ्याच बॉक्सना 0000 चालतो. शेवटी आपोआप अपडेट होण्याचा पर्यायही बंद करा. त्याची किंमत एवढीच की नवीन चॅनल आलं तर ते स्वतःहून सापडणार नाही, एप्रिलनंतर एकदा हाताने स्कॅन करावा लागेल.

केबलवाल्याचा किंवा पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचा बॉक्स असेल तर मुख्य यादीचा क्रम सहसा तुमच्या हातात नसतो. एलसीएन बंद करायची सोयच दिलेली नसते, आणि त्यामागे नियम आहे. ट्रायच्या 2017 च्या इंटरकनेक्शन नियमांनुसार वितरकाने प्रत्येक चॅनलला एकच वेगळा नंबर द्यायचा असतो आणि एकदा दिलेला नंबर साधारणपणे निदान वर्षभर बदलायचा नसतो. म्हणून तिथे फेव्हरिट हाच मार्ग. आईला रिमोटवर पाचच चॅनल हवी असतील तर फेव्हरिटमध्ये तीच पाच ठेवा आणि बॉक्स फेव्हरिटमधूनच सुरू होईल असं करता येतं का ते बघा. वर-खाली बटणाने मग ती पाचच फिरतात. आकडे दाबून बघणाऱ्यांना मात्र ऑपरेटरचाच नंबर पाठ करावा लागतो.

लॉजवर शेवटी एकच टीव्ही अडून राहिला, खोली अकराचा. बाकी पंधरा खोल्यांत सह्याद्री 1 वर आणि 8 नंतर 11. इथे 1 ते 31 सरळ, एकही जागा रिकामी नाही. म्हणजे हा टीव्ही एलसीएन वाचतच नव्हता. सुरुवातीच्या सेटअपमध्ये कोणीतरी देश म्हणून भलताच देश निवडलेला, आणि एलसीएन वाचायचं की नाही, कोणत्या पद्धतीचं वाचायचं, हे काही टीव्ही त्या देशावरून ठरवतात. देश बदलायला फॅक्टरी रीसेट करावा लागला. भारत निवडून पुन्हा स्कॅन केला तेव्हा तोही रांगेत आला.

निघताना काका भिंतीवरचे कागद काढायला निघाले होते, पुढे सिंहस्थ आहे म्हणून नव्या छापील यादीसाठी. मी त्यांना म्हटलं, छापायच्या आधी 8 आणि 11 च्या मध्ये जागा सोडा. "तिथे काय येणार?" त्यांनी विचारलं. गुजरातचे लोक बरेच उतरतात तुमच्याकडे, डीडी गिरनार हे गुजराती चॅनल हवं असेल तर 9 वर घालून देतो, म्हटलं. त्यांनी कागदावर बॉलपेनने 9 लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली.